‘करण्यात आले’ म्हणजे नेमकं कोणी केलं? उमेदवाराच्या पत्रकातला खरा परिचय

महापालिकेची निवडणूक लागली की सोलापुरातल्या छापखान्यांत रात्रीचे दिवे बंद होत नाहीत. मी गेली बरीच वर्षं डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, चादरीच्या पिशव्यांवरचे मजकूर, शाळांची प्रगतिपुस्तकं आणि दर काही वर्षांनी उमेदवारांची पत्रकं. या पत्रकांत एक चौकोन असतो, ‘उमेदवाराचा अल्प परिचय’. फोटो, चिन्ह, घोषणा यांवर घरातली दहा माणसं तासभर भांडतात. हा चौकोन मात्र कोणीतरी पुतण्या नाहीतर भाचा मोबाईलवर खरडतो आणि तसाच पाठवून देतो. खरी गडबड त्या चौकोनातच असते.

एका आक्कांचा परिचय आम्ही कसा दुरुस्त केला, ते इथे सांगतो. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत, कामाची पद्धत आहे तशी ठेवली आहे. आक्का शहराच्या पूर्व भागातल्या. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि समोरचा चिडला तर थोडी कानडीही. लहानपणापासून विड्या वळलेल्या. त्यांच्या पुतण्याने पाठवलेला मजकूर असा होता:

‘उच्चशिक्षित, कार्यसम्राट, गोरगरिबांच्या कैवारी. शिक्षण: बी.ए. प्रभागातील हजारो निराधारांना पेन्शन मिळवून दिली. परिसरात ड्रेनेज लाइन टाकण्यात आली. अनेक बचत गटांची स्थापना करून महिलांना रोजगार उपलब्ध करून दिला. कोरोना काळात हजारो कुटुंबांना मोफत अन्नदान करण्यात आले.’

सहा वाक्यांचा मजकूर. त्यातलं एकही वाक्य सरळ खोटं नव्हतं, पूर्ण खरंही नव्हतं. अशा वाक्यांचं काय करायचं, हाच या लेखाचा विषय आहे.

आधी शिक्षण घेऊ, कारण तिथे कागद असतो आणि वाद लवकर मिटतो.

नगरसेवक व्हायला महाराष्ट्रात शिक्षणाची कुठलीही अट नाही. वय एकवीस पूर्ण हवं, मतदार यादीत नाव हवं, आणखी काही अटी आहेत, पण त्यांत दहावी-बारावी कुठेच येत नाही. म्हणजे शिक्षण कमी आहे म्हणून कोणाचा अर्ज बाद होत नाही. तरीही सगळ्यात जास्त फुगवाफुगवी याच ओळीत होते. हे मला अजून उलगडलेलं नाही. आठवी शिकलेला यंत्रमागवाला उभा राहिला तर त्याच्या गल्लीला त्याचं शिक्षण माहीतच असतं, ‘उच्चशिक्षित’ लिहून फसणार कोण?

उमेदवारी अर्जासोबत प्रत्येकाला शपथपत्र द्यावं लागतं. त्यात मालमत्ता, कर्ज, गुन्हे यांच्याबरोबर शिक्षणही लिहायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३ च्या निकालांत ही माहिती मिळणं हा मतदाराचा हक्क ठरवला, त्यानंतर ही पद्धत देशभर रुळली. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो, महापालिकेच्या राज्य निवडणूक आयोग घेतो. आयोग वेगळे असले तरी शपथपत्र दोन्हीकडे आहे, आणि ते कोणालाही बघता येतं. पत्रकावर कोणी शपथ घेत नाही. पण शपथपत्रात दहावी आणि पत्रकात बी.ए. असं झालं, तर विरोधकाला दोन कागद शेजारी शेजारी ठेवून फोटो काढण्यापलीकडे काही करावं लागत नाही. दुपारपर्यंत तो फोटो प्रभागातल्या सगळ्या ग्रुपवर फिरतो.

आणि चूक शपथपत्रातच झाली तर गोष्ट फोटोवर थांबत नाही. मणिपूरच्या मोइरांग मतदारसंघातून २०१२ साली निवडून आलेले आमदार पृथ्वीराज सिंह यांनी शपथपत्रात २००४ साली म्हैसूर विद्यापीठातून एम.बी.ए. झाल्याचं लिहिलं होतं. ते झालेले नव्हते. ही लिहिण्यातली चूक होती, असा बचाव त्यांनी केला. न्यायालयाला तो पटला नाही आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची निवडणूक रद्दच ठेवली. ते प्रकरण विधानसभेचं होतं, त्याचा कायदा वेगळा. पण ‘टाइप करणाऱ्याने चुकून घातलं’ हे कारण कितपत टिकतं, ते त्यावरून कळतं. आम्हा टाइप करणाऱ्यांना हा निकाल विशेष आवडतो.

म्हणून माझा नियम असा आहे की पत्रकाला हात लावण्याआधी गुणपत्रिका आणि शपथपत्राची प्रत टेबलावर यायला हवी. आक्का एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. त्यात सगळं होतं, जुनं रेशनकार्डसुद्धा. कागद तारखेप्रमाणे लावल्यावर चित्र असं दिसलं. आठवीनंतर शाळा सुटली. मुलं मोठी झाल्यावर त्यांनी १७ नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत नाव नसताना खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसल्या. मार्च २०१२ ला गणित राहिलं, ऑक्टोबरला सुटलं. मग नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम, त्यानंतर बी.ए.ला प्रवेश. पहिलं वर्ष २०१६ ला पास. दुसऱ्या वर्षाचे दोन विषय राहिले, पुढे परीक्षा दिली नाही.

पुतण्या म्हणाला, “बी.ए. करतच होती की ओ काकू. बी.ए. लिहिलं तर काय खोटं?”

इथे एक बारीक पण महत्त्वाचा फरक आहे. पत्रकातल्या ‘शिक्षण’ या शब्दापुढे जे येतं, ते झालेलं शिक्षण असं वाचणारा धरून चालतो. प्रवेश घेणं, शिकत असणं, परीक्षेला बसणं आणि पास होणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘बी.ए.’ ही दोन अक्षरं फक्त चौथ्या गोष्टीसाठी आहेत. पहिलं वर्ष पास असेल तर ‘बी.ए. प्रथम वर्ष उत्तीर्ण’ लिहावं. त्यात कमीपणा काही नाही, आणि ते गुणपत्रिकेवर बोट ठेवून दाखवता येतं.

पुतण्याचा दुसरा प्रयत्न होता बारावी लिहिण्याचा. “बारावीशिवाय बी.ए.ला घेतात का? घेतलं म्हणजे बारावी झालीच की.” हा गैरसमज पुष्कळांचा आहे. मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी ही बारावी न झालेल्यांसाठी ठेवलेली पायरी आहे. ती चढून त्या विद्यापीठाच्या पदवीला प्रवेश मिळतो, पण त्याने माणूस बारावी होत नाही. बारावी ही मंडळाची परीक्षा. तेव्हा आक्कांचं झालेलं शिक्षण दहावी, आणि त्यापुढे बी.ए.चं एक वर्ष. शपथपत्रातही त्यांनी तेच लिहिलं होतं. वकिलाने नीट विचारून लिहिलं होतं, पुतण्याने विचारलं नव्हतं.

अशा गाठी प्रत्येक पत्रकात निराळ्या निघतात. सोलापुरात एक नेहमी सापडते. आपलं विद्यापीठ स्वतंत्र झालं २००४ साली. त्याआधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. १९९६ ला बी.कॉम. झालेल्या माणसाच्या परिचयात ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ लिहून येतं. बिचाऱ्याची पदवी खरी असते, पण ज्या साली ती मिळाली त्या साली ते विद्यापीठच नव्हतं. खरी पदवी खोटी वाटायला एवढं पुरतं. पदवीवर छापलेलं नाव लिहावं, आजचं नाही.

दुसरी गाठ पदवी आणि पदविका यांची. डिप्लोमा म्हणजे पदविका. डिप्लोमा झालेल्याने ‘पदवीधर’ लिहिलं की एका अक्षरात माणूस तीन वर्षं पुढे जातो. आयटीआयचा वायरमन हा वायरमनच लिहावा, ‘इलेक्ट्रिकल इंजिनिअर’ नव्हे. गल्लीत दिवे गेले की लोक त्यालाच बोलावतात, त्यामुळे वायरमन हा शब्द मतांच्या दृष्टीनेही वाईट नाही. एल.एल.बी. पास झाल्यावर लगेच नावामागे ‘अॅड.’ लागत नाही, बार कौन्सिलची सनद घ्यावी लागते. आणि कुठल्याशा संस्थेने हॉलमध्ये शाल घालून दिलेली ‘मानद डॉक्टरेट’ घेऊन नावामागे ‘डॉ.’ लावणारे तर प्रत्येक निवडणुकीत भेटतात. डॉक्टरेट देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. तिथे मी सरळ विचारतो, “साहेब, विद्यापीठ कुठलं?” बहुतेकदा ‘डॉ.’ तिथेच गळतो. एकदा मात्र न विचारता छापलं होतं. दोन हजार प्रती परत आल्या आणि ‘डॉ.’वर मार्करने रेघ मारत दोन पोरं रात्रभर बसली. रेघ मारलेलं पत्रक लोकांनी जास्त निरखून वाचलं.

कामाची गोष्ट क्रियापदात

शिक्षणाला गुणपत्रिका असते. समाजकार्याला काय असतं? तिथे फसवणूक आकड्यांपेक्षा क्रियापदात जास्त होते, आणि मराठी त्या कामाला फार सोयीची भाषा आहे. ‘ड्रेनेज लाइन टाकण्यात आली.’ कोणी टाकली? वाक्यात कर्ताच नाही. पण वाक्य एका माणसाच्या फोटोखाली छापलंय, त्यामुळे वाचणारा कर्ता आपोआप भरून घेतो. लिहिणारा खोटं बोलत नाही, वाचणाऱ्याकडून बोलवून घेतो.

म्हणून मी मजकूर हातात आला की लाल पेन घेऊन आधी ‘करण्यात आले’, ‘देण्यात आले’, ‘राबविण्यात आले’ यांच्याखाली रेघ मारतो आणि प्रत्येक ठिकाणी विचारतो की कोणी केलं, केव्हा केलं आणि कागद कुठे आहे. आक्कांच्या मजकुरावर हे कसं चाललं ते सविस्तर सांगतो, कारण इथेच खरी मेहनत आहे.

ड्रेनेजपासून सुरुवात केली. आक्कांच्या गल्लीत पावसाळ्यात चेंबर उफाळायचं आणि पाणी उंबऱ्यापर्यंत यायचं. त्यांनी २०१८ आणि २०१९ मध्ये मिळून तीनदा झोन कार्यालयात निवेदन दिलं. शेवटच्या निवेदनावर गल्लीतल्या ११२ जणांच्या सह्या होत्या. तिन्ही निवेदनांची पोच त्यांनी जपली होती. पोच म्हणजे आपल्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. समाजकार्य करणाऱ्याच्या घरात याहून मोलाचा कागद नाही. फोटोत निवेदन देताना कोणीही उभं राहू शकतं, आवक क्रमांक कार्यालयाच्या रजिस्टरशी ताडून बघता येतो.

२०२० मध्ये लाइन झाली. पैसे महापालिकेचे, ठेकेदार महापालिकेचा. तेव्हाच्या नगरसेवकांनीही त्यासाठी पत्र दिलं होतं, हे आक्कांनी स्वतःहून सांगितलं. मग आक्कांचं त्यात किती? मराठीत यासाठी पायऱ्यांसारखी क्रियापदं आहेत. मागणी केली. निवेदन दिलं. पाठपुरावा केला. मंजूर करून घेतलं. काम करून घेतलं. केलं. प्रत्येक पायरीला वेगळा पुरावा लागतो. ‘निवेदन दिलं’ला एक पोच पुरते. ‘पाठपुरावा’ म्हणायला एकापेक्षा जास्त तारखा हव्यात. पाठपुरावा म्हणजे मागे लागणं, एकदा जाऊन येणं नव्हे. ‘मंजूर करून घेतलं’ हे ज्याच्या हातात मंजुरीची प्रक्रिया होती किंवा ज्याच्या प्रस्तावावर मंजुरी मिळाली, त्याने लिहावं. आणि ‘केलं’ हे सार्वजनिक पैशाच्या कामाबद्दल खरं तर कोणीच लिहू नये. निवडून आलेला नगरसेवकही ‘माझ्या निधीतून’ लिहितो तेव्हा तो पैसा त्याच्या खिशातला नसतो, घरपट्टी-पाणीपट्टी भरणाऱ्यांचा असतो.

आक्कांकडे तीन तारखा होत्या, म्हणजे ‘पाठपुरावा केला’ त्यांचा हक्काचा होता. वाक्य झालं: ‘गल्लीतल्या ड्रेनेज लाइनसाठी २०१८-१९ मध्ये तीन निवेदने दिली, शेवटच्या निवेदनावर ११२ रहिवाशांच्या सह्या होत्या. २०२० मध्ये महापालिकेने काम केले.’ पुतण्याने तोंड वाकडं केलं. “महापालिकेने केले म्हटल्यावर आपल्याला काय मिळालं?” मी म्हणालो, “ज्याच्या उंबऱ्यात पाणी यायचं त्याने त्या कागदावर सही केलीय. त्याला सगळं आठवतं. तू ‘आम्ही टाकली’ लिहिलंस तर तो हसेल, ‘तीन निवेदने’ लिहिलंस तर म्हणेल, हो, माझी पण सही होती.”

एकशे बारा सह्या, म्हणजे एकशे बारा साक्षीदार. फुगवलेल्या वाक्याला असे साक्षीदार नसतात.

पेन्शनचा मुद्दा जास्त नाजूक होता. ‘हजारो निराधारांना पेन्शन मिळवून दिली.’ आक्का विधवा आणि म्हाताऱ्या बायकांचे संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे अर्ज भरून देतात. रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक, सगळं गोळा करून द्यायचं आणि तहसीलच्या रांगेत सोबत उभं राहायचं. त्यांच्याकडे शाळेच्या मुलांची असते तशी दोनशे पानी वही होती. नाव, तारीख, काय कमी आहे, काय झालं. आम्ही चहा पीत ती वही मोजली. ६३ नावं. त्यांतले ४१ अर्ज मंजूर, १४ नामंजूर, ८ अजून अडकलेले.

आक्का म्हणाल्या, “अण्णा, त्रेसष्टच हायत की ओ. मला वाटायलं होतं दोनशे तरी असतील.”

हे अगदी माणसासारखं आहे. वर्षानुवर्षं दर आठवड्याला कोणाचं तरी काम केलं की मनात त्याचा ढीग होतो, आणि ढिगाचा आकडा नेहमी मोठाच वाटतो. पुतण्याने ‘हजारो’ लिहिलं ते लबाडीने नव्हे, कौतुकाने. म्हणूनच मोजल्याशिवाय आकडा घालू नये. वही नसेल तर आकडाच घालू नये, ‘निराधार महिलांचे अर्ज भरून देते’ एवढं पुरतं.

आता यात ‘मिळवून दिली’ चालेल का? अर्ज मंजूर करणं शासनाच्या हातात. आक्कांनी केलं ते अर्ज भरणं आणि सोबत जाणं. तर वाक्य झालं: ‘आतापर्यंत ६३ महिलांचे निराधार व श्रावणबाळ योजनेचे अर्ज भरून दिले, त्यांपैकी ४१ मंजूर झाले.’ नामंजूर चौदा लिहायचे का, यावर आमचा वाद झाला. माझं मत असं की ६३ आणि ४१ दोन्ही लिहिले की उरलेलं लपत नाही, ज्याला हवं तो वजाबाकी करील. फक्त ४१ लिहिले असते तरी ते खोटं नव्हतं. पण नामंजूर झालेल्या चौदा बायका त्याच गल्ल्यांत राहतात आणि पत्रक त्यांच्याही दारात पडणार. त्यांच्यासाठी आक्का तितक्याच वेळा रांगेत उभ्या होत्या. त्यांना मोजणीतून काढायचं कशाला?

पुतण्याला पेन्शन मिळालेल्या एका आजीचा फोटो आणि नाव घालायचं होतं. ते मी ठामपणे काढलं. मदत घेतली म्हणून कोणाच्या गरिबीची तीन हजार प्रतींत जाहिरात करायची नसते, आणि आजीला विचारलंही नव्हतं.

बचत गटांच्या बाबतीत ‘अनेक’ हा शब्द होता. ‘अनेक’ म्हणजे किती, हे विचारल्यावर उत्तर आलं दोन. एकात अकरा जणी, दुसऱ्यात बारा. पहिला चालू आहे, दुसरा २०२१ मध्ये बंद पडला, कारण लॉकडाऊननंतर तिघींचे हप्ते थकले आणि बाकीच्या चिडल्या. ‘रोजगार उपलब्ध करून दिला’ हेही तपासलं. गटातून कर्ज घेऊन एकीने शिलाई मशीन घेतलं, एकीने शेंगा चटणी करून विकायला सुरुवात केली. रोजगार त्यांनी स्वतः उभा केला, गटाने कर्ज दिलं. यातून जे वाक्य निघालं ते परिचयातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य आहे, खाली वाचाल.

कोरोनाचा मुद्दा पटकन सुटला. ‘हजारो कुटुंबांना मोफत अन्नदान करण्यात आले.’ धान्य एका मंडळाने जमवलं होतं, आक्का आणि आणखी सहा बायका रोज सकाळी स्वयंपाक करायच्या. किती कुटुंबांना गेलं ते कोणीच लिहून ठेवलं नव्हतं. म्हणून कुटुंबांचा आकडा गेला आणि आक्कांच्या हातचं काम राहिलं.

आकडा खरा आहे का हे कागदाशिवायही कधी कधी साध्या हिशेबाने कळतं. एका तरुण उमेदवाराच्या मजकुरात ‘गेल्या दहा वर्षांत ७५ वेळा रक्तदान’ होतं. पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं, स्त्रीला चार महिन्यांचं. म्हणजे पुरुषाला वर्षात फार तर चार, दहा वर्षांत चाळीस. त्याला हे सांगितलं तर तो घरून कार्डं घेऊन आला, बावीस निघाली. बावीस वेळा रक्त दिलेला पोरगा पंचाहत्तर लिहून स्वतःला खोटा पाडत होता. पाच हजार झाडं लावणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की आज किती उभी आहेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात लावणं सोपं, मे महिना काढणं अवघड.

काही कामांना कागद नसतोच. रात्री दोन वाजता कोणाच्या बाळंतपणाला रिक्षा शोधून सिव्हिलला नेणं, दारूड्या नवऱ्याला समजावणं, पाणी आलं की गल्लीत हाक देत फिरणं, कारण आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं आणि पाळी चुकली की पुन्हा वाट बघणं आलं. ही कामं खरी असतात आणि लोकांना तीच जास्त लक्षात राहतात. त्यांना आकडा लावू नये, विशेषण लावू नये. एखादी गोष्ट नेमकी सांगावी आणि पुढे जावं. ‘सदैव तत्पर’ लिहिण्यापेक्षा ‘पाणी सोडल्याचा निरोप आला की गल्लीत हाक देते’ हे बरं. दुसऱ्या वाक्यात माणूस दिसतो.

विशेषणांचं काय केलं, ते वेगळं सांगायला नको. ‘कार्यसम्राट’ हा शब्द त्या निवडणुकीत मी सोळा पत्रकांत टाइप केला. एका प्रभागात तर तीन सम्राट एकाच वेळी उभे होते.

सगळं झाल्यावर पूर्ण मजकूर असा उतरला. पत्रक ए-५ आकाराचं, त्यात परिचयाला अर्धी बाजू, अक्षर चौदा पॉइंटचं ठेवलं, कारण वाचणाऱ्यांत चष्मा घरी विसरणारे बरेच.

‘नमस्कार. मी याच भागात लहानाची मोठी झाले. आठवीनंतर घरच्या परिस्थितीमुळे शाळा सुटली आणि विड्या वळायला बसले. मुले मोठी झाल्यावर १७ नंबरचा फॉर्म भरून पुन्हा परीक्षेला बसले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये दहावी पास झाले. पुढे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए.चे पहिले वर्ष २०१६ मध्ये पास झाले. पदवी पूर्ण झालेली नाही.

निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे अर्ज भरून देते. आतापर्यंत ६३ महिलांचे अर्ज भरले, त्यांपैकी ४१ मंजूर झाले. गल्लीतल्या ड्रेनेज लाइनसाठी २०१८-१९ मध्ये तीन निवेदने दिली, शेवटच्या निवेदनावर ११२ रहिवाशांच्या सह्या होत्या. २०२० मध्ये महापालिकेने काम केले. दोन बचत गट सुरू केले. एक बंद पडला, एक चालू आहे. चालू गटातून कर्ज घेऊन एका बहिणीने शिलाई मशीन घेतले, एकीने शेंगा चटणीचा व्यवसाय सुरू केला. लॉकडाऊनमध्ये मंडळाच्या अन्नछत्रात आम्ही सात जणींनी १९ दिवस स्वयंपाक केला.’

यात ‘मी’ आहे, तो मुद्दाम ठेवला. ‘त्यांनी समाजकार्याचा वसा घेतला’ अशा तिसऱ्या माणसाच्या भाषेत कोणीतरी आपली स्तुती करतंय असा आव येतो आणि फुगवायला मोकळीक मिळते. ‘मी’ म्हणून बोलताना जीभ अडखळते, आणि या कामात ते बरंच आहे. वाक्यं छोटी ठेवली, कारण आमच्याकडे पत्रक बऱ्याचदा नातवंडं आजीला वाचून दाखवतात. पाचवीतल्या पोराला एका दमात वाचता आलं नाही, तर ते वाक्य मोडतो. पूर्व भागातल्या पुष्कळ घरांत बोलणं तेलुगूत आणि शाळा मराठीत, म्हणजे मराठी साधी असेल तर वाचता वाचताच तेलुगूत सांगितलं जातं. ‘कैवारी’ला तेलुगूत काय म्हणायचं, हे आक्कांनाही सांगता आलं नाही.

‘एक बंद पडला’ या तीन शब्दांवर पुतण्या शेवटपर्यंत अडून होता. ते ठेवायचं आक्कांनीच ठरवलं. त्या गटातल्या नऊ जणी अजून त्यांच्याशी बोलतात, तिघी बोलत नाहीत, आणि बाराही जणी मतदार आहेत, हा त्यांचा हिशेब.

छापण्याआधी एक काम उरतं. पत्रकाच्या तळाला मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता आणि प्रतींची संख्या घालायची. लोकसभा-विधानसभेला नाव-पत्त्याची अट लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ मध्येच आहे, महापालिकेला राज्य निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे जायचं. ही ओळ नसलेलं निनावी पत्रक आलं की समजावं, ज्याने छापलं त्याला स्वतःच्या मजकुराची खात्री नाही. पत्रकाचा खर्चही उमेदवाराच्या निवडणूक खर्चात धरतात, त्यामुळे आमचं बिल आणि तळाचा प्रतींचा आकडा जुळावा लागतो.

प्रूफ घेऊन संध्याकाळी आक्कांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून बोट फिरवत सगळं वाचलं. दहावीच्या ओळीशी थांबल्या. “गणितात पहिल्यांदा नापास झालेवते, ते का नाही लिवलं? आमच्या गल्लीतल्या पोरी नापास झाल्या की शाळाच सोडायल्यात.” पेनाने समासात लिहून घेतलं. मग शेवटच्या ओळीशी पुन्हा थांबल्या, बोटांवर काहीतरी मोजलं.

“एकोणीस नाहीत ओ अण्णा. अन्नछत्र एकोणीस दिवस चाललं. मी दोन दिवस तापानं पडलेवते. माझे सतराच.”

सहा जणींचे एकोणीस आणि एकीचे सतरा, हे एका ओळीत बसवायला मला पाऊण तास लागला. शेवटी ‘अन्नछत्र १९ दिवस चालले, त्यातले १७ दिवस मी स्वयंपाकाला होते’ असं केलं आणि रात्री साडेनऊला फाइल मशीनवर पाठवली. प्रती ३०००.